बेंझोइक ॲसिडचं पुनर्स्फटिकीकरण फसतंय? आधी वक्रावर आपली जागा शोधा

तक्रारी साधारण चारच असतात. गरम द्रावण गाळताना फनेलमध्येच पदार्थ घट्ट बसतो. किंवा गाळून झालं, फ्लास्क गार झाला, तरी आत स्वच्छ पाणीच. किंवा बर्फात ठेवल्याबरोबर पांढरा चिखल होतो, तो गाळता गळत नाही आणि द्रवणांकही खालीच राहतो. चौथी म्हणजे स्फटिक सुंदर येतात, पण पाच ग्रॅम घेतलेल्याचे साडेतीनच हाती लागतात. या चारही गोष्टी वेगवेगळ्या वाटतात, म्हणून त्यांवर उपायही वेगवेगळे सुचवले जातात: काचकांडीने घासा, अजून पाणी घाला, अजून बर्फ घाला. यातला प्रत्येक उपाय एका तक्रारीवर चालतो आणि दुसरीला वाढवतो. मूळ प्रश्न एकच असतो. आपण किती पदार्थ किती पाण्यात घेतला आहे आणि त्या प्रमाणाला द्रावण कोणत्या तापमानाला संपृक्त होतं, हे प्रयोगाआधी पाहिलेलं नसतं.

इथे उदाहरण बेंझोइक ॲसिड आणि पाणी हेच घेतलं आहे. कॉलेजच्या सेंद्रिय रसायनाच्या प्रात्यक्षिकात ते हमखास असतं, शिवाय त्याची विद्राव्यता तापमानाबरोबर भरपूर बदलते. एक लिटर पाण्यात शुद्ध बेंझोइक ॲसिड किती विरघळतं, ते असं:

| तापमान (°से.) | ग्रॅम प्रति लिटर |
|---|---|
| ० | १.७ |
| २५ | ३.४४ |
| ४० | ५.५१ |
| ७५ | २१.४५ |
| १०० | ५६.३ |

हे पाच बिंदू आलेखकागदावर मांडून गुळगुळीत रेघेने जोडा. रेघ सुरुवातीला जवळजवळ आडवी जाते आणि ६० अंशांच्या पुढे झपाट्याने वर चढते. ६० ला साधारण १२, ८० ला साधारण २६ ग्रॅम असं रेघेवरून वाचता येतं. या चढामुळेच बेंझोइक ॲसिड पाण्यातून पुनर्स्फटिकीकरणाला योग्य ठरतं. उलट साधं मीठ घ्या. शंभर ग्रॅम पाण्यात ते ० अंशाला ३५.७ ग्रॅम आणि १०० अंशाला जेमतेम ३९ ग्रॅम विरघळतं. उकळतं संपृक्त द्रावण बर्फात ठेवलं तरी तीन-साडेतीन ग्रॅमच मीठ खाली बसेल. म्हणून मिठागरात पाणी थंड करत नाहीत, उन्हात आटवतात.

ही रेघ म्हणजेच विद्राव्यतेचा वक्र. वक्राच्या खालचा भाग म्हणजे असंपृक्त द्रावण. तिथे घन पदार्थ टाकला तर विरघळतो. वक्रावर द्रावण संपृक्त असतं. वक्राच्या वरचा भाग अतिसंपृक्त असतो. तिथे पदार्थ हिशेबापेक्षा जास्त विरघळलेला असतो, पण स्फटिकाची पहिली कणिका तयार व्हायला लागणारा अडथळा अजून ओलांडलेला नसतो. वक्राच्या लगेच वर एक अरुंद पट्टा असतो, ज्यात नवीन कणिका सहसा आपोआप जन्मत नाहीत, पण आधीच असलेला स्फटिक मात्र वाढत राहतो. विल्हेल्म ओस्टवाल्ड यांनी १८९७ मध्ये या अवस्थेला मितस्थायी म्हटलं. हा पट्टा किती अंश रुंद असेल याचा ठरलेला आकडा नसतो. थंड करण्याचा वेग, ढवळणं, काचेवरचे ओरखडे, द्रावणातली धूळ यांनुसार तो बदलतो. त्या पट्ट्याच्या पलीकडे गेलं की कणिका एकदम असंख्य तयार होतात. चांगलं पुनर्स्फटिकीकरण म्हणजे द्रावणाला वक्र ओलांडू द्यायचा आणि मग या पट्ट्यातच जास्तीत जास्त वेळ ठेवायचं.

पाणी किती, हे पदार्थ विरघळवण्याआधी ठरवा

समजा पाच ग्रॅम अशुद्ध बेंझोइक ॲसिड आहे. १०० अंशांना एका लिटरमध्ये ५६.३ ग्रॅम, म्हणजे पाच ग्रॅमला ८९ मिली पाणी लागेल. हा उकळत्या पाण्याचा किमान आकडा झाला. पुस्तकात ‘कमीत कमी उकळत्या द्रावकात विरघळवा’ असं वाक्य असतं आणि विद्यार्थी ते तंतोतंत पाळतात. इथेच पहिली तक्रार जन्मते.

पाणी १२० मिली घेतलं तर दर लिटरला ४१.७ ग्रॅम प्रमाण झालं. वक्रावर हा आकडा ९२ अंशांच्या आसपास लागतो. म्हणजे फ्लास्क गॅसवरून उचलून थंड काचेच्या फनेलमध्ये ओतेपर्यंत द्रावण वक्राच्या वर गेलेलं असतं. फनेलमध्ये ते ८० अंशांवर आलं असं धरा. ८० ला १२० मिली पाणी ३.१ ग्रॅमच धरून ठेवू शकतं. उरलेले जवळजवळ दोन ग्रॅम फिल्टर पेपरवर आणि फनेलच्या नळीत बसायला मोकळे. तिथे कागदाचे तंतू, कोळशाचे कण, कचरा असा कणिकांना आधार मिळणारा भरपूर माल असतो, त्यामुळे अतिसंपृक्त अवस्थेत टिकण्याचा प्रश्नच येत नाही.

तेच पाच ग्रॅम २०० मिलीत घेतले तर प्रमाण २५ ग्रॅम प्रति लिटर होतं आणि संपृक्तता सुमारे ७९ अंशांवर जाते. उकळीपासून जवळजवळ वीस अंशांची मोकळीक मिळते. फनेल आधी वाफेवर किंवा ओव्हनमध्ये गरम केलं, आखूड नळीचं किंवा बिननळीचं वापरलं आणि पन्हाळी घडीचा कागद लावला, तर एवढ्यात गाळून होतं.

जास्त पाण्याची किंमत किती? २५ अंशांना २०० मिलीत ०.६९ ग्रॅम विरघळलेलं राहील, तर १२० मिलीत ०.४१ ग्रॅम. बर्फात ० अंशाजवळ नेलं तर हेच आकडे ०.३४ आणि ०.२०. म्हणजे ८० मिली जास्त पाण्यापायी शेवटी ०.१४ ग्रॅमचाच फरक पडतो, आणि बदल्यात फनेलमध्ये दोन ग्रॅम अडकण्याचा धोका टळतो. गाळून झाल्यावर पाणी आटवून पुन्हा १२० मिलीवर आणायचा सल्लाही दिला जातो. एवढ्याशा फायद्यासाठी तो करू नये. बेंझोइक ॲसिड वाफेबरोबर उडतं, घशाला झोंबतं आणि उघड्या बीकरमध्ये आटवताना थोडा पदार्थ हवेतच जातो. गरम गाळणीची गरजच नसेल, म्हणजे द्रावण रंगहीन आणि पूर्ण स्वच्छ असेल, तर मात्र १२० मिली पुरे. तिथे गाळण्याची पायरी सोडूनच द्या.

पाणी वाढतं कुठे, हेही पाहा. पाच ग्रॅममध्ये थोडी वाळू, कागदाचे तंतू किंवा पाण्यात न विरघळणारी दुसरी काही भेसळ असली की तळाशी थोडं शिल्लक दिसतं. ते विरघळावं म्हणून पाणी घालत घालत लोक चारशे मिलीपर्यंत जातात. चारशे मिलीला २५ अंशांवर १.३८ ग्रॅम पदार्थ पाण्यातच राहतो. चौथ्या तक्रारीतल्या साडेतीन ग्रॅमचं हेच कारण: उतारा ३.६ ग्रॅमच्या वर जाऊच शकत नाही, मग हात कितीही सफाईचा असो. म्हणून ठरवलेलं पाणी बहुतेक सगळं घातल्यावर दहा मिली उकळतं पाणी घाला, दोन-तीन मिनिटं उकळू द्या आणि तळाकडे पाहा. शिल्लक कमी झाली तर तो आपला पदार्थ. जराही कमी झाली नाही तर तो कचरा आहे, तो गाळूनच काढायचा. चारशे मिलीपर्यंत आधीच पोचला असाल, तर मात्र गरम गाळणीनंतर दीडशे मिलीपर्यंत आटवणं परवडतं.

तळाशी तेलासारखे थेंब दिसले तर वेगळा विचार करावा लागतो. पाणी कमी आणि पदार्थ जास्त असेल तर न विरघळलेलं बेंझोइक ॲसिड उकळत्या पाण्याखाली वितळून वेगळा थर धरतं. कोरड्या पदार्थाचा द्रवणांक १२२ अंश असला तरी पाणी त्यात मुरल्याने तो पाण्याखाली बराच आधी वितळतो. ॲसिटॲनिलाइडमध्ये हे आणखी ठळक दिसतं. कोरडं असताना ते ११४ अंशांना वितळतं, पण पाण्यासोबत ८३ अंशांच्या वर जास्तीचा पदार्थ तेलाच्या रूपात खाली बसतो. ‘सगळं विरघळलं, फक्त थोडं तेल आहे’ असं समजून कोणी ते तसंच थंड करायला ठेवतं. तेलाचा थेंब अशुद्धीलाही स्वतःत चांगला विरघळवतो आणि गोठताना तिला घेऊनच गोठतो. वर स्वच्छ स्फटिक, तळाशी पिवळट गोळा असं दिसलं तर हेच झालेलं असतं. परत उकळा, थेंब दिसेनासे होईपर्यंत दहा-दहा मिली उकळतं पाणी घाला आणि मग थंड करा.

रंग काढायचा कोळसा

द्रावण पिवळं असेल तरच कोळसा वापरावा. पाच ग्रॅमला ०.०५ ते ०.१ ग्रॅम, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल इतका. कोळसा रंगाबरोबर आपला पदार्थही धरतो, त्यामुळे अर्धा चमचा टाकला तर उतारा गेलाच. उकळत्या द्रावणात तो कधीही टाकू नका. कोळशाच्या छिद्रांतून एकदम बुडबुडे सुटतात आणि फ्लास्क उतू जातो. गॅसवरून खाली घ्या, उकळी थांबू द्या, कोळसा टाका, पाच मिनिटं परत हलकं उकळा आणि गरम गाळा. गाळीव द्रावण राखाडी दिसलं तर बारीक कोळसा कागदातून गेला आहे. दुहेरी कागद किंवा सेलाइटचा पातळ थर घेऊन पुन्हा गाळा. हे सगळं करताना द्रावण गरम राहायला हवं, म्हणून कोळसा वापरायचा असेल तेव्हा २०० मिलीचा आकडाच धरा.

गाळताना तरीही फनेलमध्ये पदार्थ बसू लागला तर वरून गार पाणी ओतू नका, फनेल काडीने खरवडू नका. कागदावरून दहा-पंधरा मिली उकळतं पाणी फिरवा आणि ते त्याच फ्लास्कमध्ये जाऊ द्या. नाहीच सुटलं तर कागदासकट सगळं मूळ फ्लास्कमध्ये घालून ५० मिली पाणी वाढवा, उकळा आणि नव्या कागदातून गाळा.

गार झालं, तरी काहीच आलं नाही

इथे दोन अगदी उलट शक्यता असतात आणि दोन्हींचा देखावा सारखाच: स्वच्छ, रंगहीन द्रावण. एक म्हणजे पाणी इतकं जास्त झालं आहे की द्रावण वक्राच्या खालीच आहे. दुसरी, द्रावण वक्राच्या वर गेलं आहे पण कणिका सुरू झालेली नाही. कोणती, हे ओळखायला एक स्फटिक पुरतो.

शुद्ध बेंझोइक ॲसिडचा मोहरीपेक्षाही लहान कण द्रावणात टाका आणि न हलवता दोन मिनिटं बघा. कण विरघळून दिसेनासा झाला तर द्रावण असंपृक्त आहे. मग घासणं, वाट पाहणं यांतून काही मिळणार नाही, पाणीच कमी करावं लागेल. कण तसाच राहून त्याच्या कडेने सुया फुटू लागल्या किंवा भोवती धुरकट पट्टा दिसला तर द्रावण अतिसंपृक्त होतं आणि तुमचं काम झालं. पुढे फक्त थांबायचं. शुद्ध पदार्थ हाताशी नसेल तर काचकांडी द्रावणात बुडवून बाहेर काढा, टोकावरचं पाणी उडून पांढरा पापुद्रा दिसू द्या आणि ते टोक परत द्रावणात टेकवा. तो पापुद्रा बीज म्हणून चालतो. द्रावणाच्या पातळीजवळ काच काचकांडीने घासणं ही तिसरी पसंती. तीही अतिसंपृक्त द्रावणावरच चालते. असंपृक्त द्रावणात काच घासली तर फक्त काच घासली जाते.

आकडा वक्रावर पाहिला असता तर ही परीक्षा करायचीही वेळ आली नसती. समजा प्रात्यक्षिकात एकच ग्रॅम पदार्थ दिला आणि कोणी सवयीने २५० मिली पाणी घेतलं. प्रमाण झालं चार ग्रॅम प्रति लिटर, आणि ते संपृक्त होतं सुमारे ३० अंशांवर. नागपुरात किंवा जळगावात एप्रिल-मे महिन्यात प्रयोगशाळेतलं पाणी ३५ अंशांवर असू शकतं. तिथे हा फ्लास्क रात्रभर टेबलावर ठेवला तरी एक सुई दिसणार नाही. तीच कृती, तेवढंच पाणी जानेवारीत वापरलं तर थोडे का होईना स्फटिक येतील, आणि मग ‘मागच्या वेळी आले होते’ असा गोंधळ होतो. बर्फात ठेवलं तरी अर्ध्याहून थोडा जास्तच, म्हणजे ०.५७ ग्रॅम मिळेल. इथे उपाय एकच: आटवून ४० मिलीवर आणा. त्यासाठी कॉनिकल फ्लास्क घ्या, धूर-कपाटात ठेवा, उकळीचे दगड टाका आणि थंड करण्याआधी ते दगड काढायला विसरू नका, कारण थंड होताना स्फटिक त्यांच्यावरच चिकटतात.

चिखल का होतो आणि तो अशुद्ध का असतो

उकळतं द्रावण थेट बर्फात ठेवण्याचा मोह वेळ वाचवण्यासाठी होतो. फ्लास्कच्या भिंतीजवळचं पाणी क्षणात दहा अंशांवर येतं. तिथे विद्राव्यता सव्वादोन ग्रॅमच्या आसपास, आणि प्रमाण मात्र अजून २५ किंवा ४१ ग्रॅम. म्हणजे पट्टा ओलांडून द्रावण किती तरी पटींनी वर गेलं. कणिका जन्मण्याचा वेग अतिसंपृक्ततेबरोबर प्रचंड वाढतो. वाढीचा वेग त्या मानाने थोडाच वाढतो. परिणामी लाखो कणिका होतात आणि प्रत्येकीच्या वाट्याला अगदी थोडा पदार्थ येतो.

या बारीक सुया गाळल्यावर चक्क्यासारख्या दिसतात आणि चक्क्यासारखंच पाणी धरून बसतात. ते पाणी म्हणजे मातृद्रव, ज्यात सगळी विरघळलेली अशुद्धी आहे. समजा पाच ग्रॅममध्ये ०.२५ ग्रॅम मीठ होतं, सोडियम बेंझोएटपासून ॲसिड पाडताना उरलेलं. मीठ पाण्यात इतकं विरघळतं की ते स्फटिक होऊन येण्याचा प्रश्नच नाही, सगळं मातृद्रवात राहतं. २०० मिलीतल्या पाच मिली मातृद्रवात ६ मिलिग्रॅम मीठ असेल, तर चिखलात अडकलेल्या वीस मिलीत २५ मिलिग्रॅम. पाणी वाळलं की ते मीठ स्फटिकांवरच बसतं. शिवाय घाईने वाढणारा स्फटिक मातृद्रवाचे थेंब स्वतःच्या आतही बंद करून टाकतो. बाहेरून कितीही धुवा, ते थेंब निघत नाहीत.

म्हणून २०० मिलीच्या द्रावणाला असं थंड करा. गाळल्यावर फ्लास्कमध्ये काही स्फटिक दिसत असतील तर ते परत उकळून विरघळवा, कारण फनेलमधून घाईने पडलेले हे स्फटिक चुकीची सुरुवात करून देतात. फ्लास्कवर वॉच ग्लास ठेवा, फ्लास्क लाकडी पाटावर किंवा जाड घडी केलेल्या कापडावर ठेवा, थंड फरशीवर नाही. तापमान ७६-७७ अंशांवर आलं की, म्हणजे संपृक्ततेच्या दोन-तीन अंश खाली, दोन-चार मिलिग्रॅम बारीक बीज टाका. फ्लास्क एकदा हलके फिरवा आणि सोडून द्या. त्यापेक्षा आधी टाकलं तर बीज विरघळून जाईल, फार उशिरा टाकलं तर द्रावणाने स्वतःच कणिका केलेल्या असतील. ८० ते ६० अंशांच्या टप्प्यात निम्म्याहून जास्त पदार्थ बाहेर येतो: ६० ला २०० मिलीत २.४ ग्रॅमच विरघळलेलं उरतं. घाई करू नये ती याच टप्प्यात. ४० च्या खाली थोडाच माल उरलेला असतो, तिथे बर्फ लावला तरी बिघडत नाही. एकूण वेळ तासभर धरा. चिखल झालाच असेल तर तो गाळत बसू नका. परत उकळून विरघळवा आणि सावकाश थंड करा. त्यात पदार्थाचं काही नुकसान होत नाही, फक्त वेळ जातो.

बुखनर फनेलमध्ये ओढल्यावर केक काचेच्या बुचाने दाबा, म्हणजे भेगांतून हवाच ओढली जाणार नाही. धुण्याआधी व्हॅक्यूम सोडा, दहा मिली बर्फगार पाणी घालून केक भिजू द्या, मग ओढा. असं दोनदा करा. वीस मिली बर्फगार पाण्यात ०.०३ ग्रॅम जातं. तेच धुणं नळाच्या ३०-३५ अंशांच्या पन्नास मिली पाण्याने केलं तर पाव ग्रॅमपर्यंत जाऊ शकतं. वाळवताना ओव्हन ६०-७० अंशांच्या वर नेऊ नका. बेंझोइक ॲसिड तापवल्यावर संप्लवन होऊन उडतं आणि ओव्हनच्या दारावर पांढऱ्या सुया दिसू लागतात. द्रवणांक घ्यायचा तो पूर्ण वाळल्यावरच. ओला नमुना अशुद्धासारखाच खाली आणि लांबत वितळतो, आणि लोक चांगला पदार्थ उगाच दुसऱ्यांदा उकळायला घेतात.

अशुद्धीचाही वक्र असतो

मीठ किंवा वाळू ही सोपी उदाहरणं. अशुद्धी सॅलिसिलिक ॲसिडसारखी, म्हणजे आपल्या पदार्थाच्या जवळच्या स्वभावाची असेल तर तिचा वक्रही त्याच कागदावर काढावा लागतो. त्याची विद्राव्यता ० अंशाला १.२४, २५ ला २.४८, ४० ला ४.१४ आणि ७५ ला १७.४ ग्रॅम प्रति लिटर. वक्र जवळजवळ समांतर जातो, त्यामुळे बर्फात दोघेही बाहेर येऊ पाहतात. इथे आपल्याला वाचवतो तो एकच मुद्दा: अशुद्धीचं प्रमाण कमी आहे.

पाच ग्रॅममध्ये ४.६ ग्रॅम बेंझोइक आणि ०.४ ग्रॅम सॅलिसिलिक ॲसिड आहे असं धरा. २०० मिलीत सॅलिसिलिकचं प्रमाण दोन ग्रॅम प्रति लिटर होतं. २५ अंशांना पाणी २.४८ पर्यंत झेपवतं, म्हणून ते विरघळलेलंच राहतं. बेंझोइक ३.९ ग्रॅमच्या आसपास मिळतं. आता उतारा वाढवायला फ्लास्क बर्फात घाला. ० अंशाला २०० मिलीत ०.२५ ग्रॅमच सॅलिसिलिक राहू शकतं, उरलेलं ०.१५ ग्रॅम स्फटिकांत येतं. बेंझोइकही ४.२६ ग्रॅम होतं. पण त्यात तीन टक्क्यांहून जास्त अशुद्धी आली. म्हणजे बर्फाने ०.३५ ग्रॅम कमावून दिलं आणि पुनर्स्फटिकीकरण मात्र जवळजवळ वाया घालवलं. अशा वेळी खोलीच्या तापमानाला थांबून गाळणं योग्य. पाणी १२० मिलीच घेतलं असतं तर २५ अंशांनाही ०.१ ग्रॅम सॅलिसिलिक खाली आलं असतं. कमी पाणी म्हणजे चांगलं पुनर्स्फटिकीकरण ही समजूत इथे उलटते.

हा हिशेब अंदाज म्हणूनच वापरा. तक्त्यातले आकडे शुद्ध पाण्यातल्या एकेकट्या पदार्थाचे आहेत. दोन आम्लं एकत्र असली की एकमेकांची विद्राव्यता थोडी बदलतात, म्हणून सीमारेषेला अगदी चिकटून राहू नका, थोडं पाणी जास्त ठेवा. आणि अशुद्धीचा रेणू आकाराने इतका जवळचा असेल की तो स्फटिकाच्या जाळीतच बसतो, तर वक्र काहीच सांगू शकत नाही. दोन-तीन वेळा पुनर्स्फटिकीकरण करूनही द्रवणांक त्याच ठिकाणी अडकला तर द्रावक बदलावा लागतो किंवा पद्धतच.

सॅलिसिलिक उरलं आहे का, हे पाहायला थोडे स्फटिक पाण्यात विरघळवून फेरिक क्लोराइडचा एक थेंब टाका. जांभळा रंग आला तर अजून आहे.

मातृद्रवातून दुसरा हप्ता काढायचा असेल तर आधी हाच हिशेब करा. वरच्या २०० मिली मातृद्रवात ०.६९ ग्रॅम बेंझोइक आणि सगळं ०.४ ग्रॅम सॅलिसिलिक आहे. ते ५० मिलीवर आटवून २५ अंशांपर्यंत थंड केलं तर ०.५२ ग्रॅम बेंझोइक बाहेर येतं, आणि त्याबरोबर ०.२८ ग्रॅम सॅलिसिलिकही. दुसऱ्या हप्त्याचा एक तृतीयांश भाग अशुद्धीच असतो. दिसायला तो पहिल्यासारखाच पांढरा असतो, म्हणून तो पहिल्या हप्त्यात मिसळू नका. वेगळ्या बाटलीत ठेवा, वेगळा द्रवणांक लिहा आणि पुढच्या वेळच्या कच्च्या मालात घाला.